फळ्यावरचा एक शून्य

दर रविवारी संध्याकाळी आपल्या रेडिओवर आठवड्याचे बाजारभाव सांगितले जातात. ते तुम्ही ऐकता, आणि आमच्या ग्रामसंघाच्या दारातल्या फळ्यावर सोमवारी सकाळी वाचताही. प्रत्येक पिकापुढे तीन आकडे असतात : सरासरी, जास्तीत जास्त आणि कमीत कमी. हे तीन आकडे आम्ही कसे काढतो, त्यात आमची चूक कुठे झाली आणि ती कुणाला भोवली, ते आज सांगणार आहोत. वही आणि पेन जवळ असेल तर घ्या. नसेल तरी चालेल, आकडे आम्ही सोपे करून घेतलेत.

आधी झालेली गोष्ट सांगतो. आमच्या गटातल्या एका काकूंकडे चाळीत उन्हाळ कांदा होता, चाळीस क्विंटल. लेकीच्या कॉलेजची फी भरायची होती आणि गटाचा हप्ताही आला होता. तेवढ्यात एक व्यापारी बांधावर आला आणि म्हणाला, "तेराशे देतो. गाडीभाडं माझं, हमाली माझी." काकू म्हणाल्या, "तेराशे कमी होतात भाऊ." त्यावर तो म्हणाला, "मी कुठं कमी सांगतोय? तुमच्याच बायकांनी फळ्यावर लिहिलंय, आठवड्याची सरासरी तेराशे सतरा. सतरा रुपयांसाठी बाजारात जाऊन दिवस घालवणार का?"

काकू फळ्यापाशी आल्या आणि स्वतः वाचून गेल्या. आकडा खरोखरच १३१७ होता. त्यांनी माल दिला. चाळीस क्विंटलचे बावन्न हजार रुपये हातात पडले.

फळ्यावरचा तो आकडा चुकलेला होता आणि तो आम्हीच लिहिला होता. व्यापाऱ्याने खोटं सांगितलं नव्हतं, त्याने फक्त आमचा फळा वाचला.

आता ही चूक कशी झाली ते बघू. त्यासाठी आधी बाजार समितीचा रोजचा तक्ता कसा असतो ते माहीत हवं.

बाजार समितीत लिलाव संपला की त्या दिवसाचा तक्ता लागतो. पिकाचं नाव, त्याची जात किंवा प्रत, मग आवक, म्हणजे त्या दिवशी किती क्विंटल माल आला. त्यापुढे तीन दर असतात : कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सर्वसाधारण. पुण्याच्या कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर राज्यातल्या बाजार समित्यांचे हे रोजचे आकडे याच रीतीने दिलेले असतात. आमच्यातली एक जण रोज संध्याकाळी ते फोनवर बघून वहीत उतरवते.

यातला सर्वसाधारण दर नीट समजून घ्या. कमीत कमी आणि जास्तीत जास्त यांची बेरीज करून दोनाने भागलं की सर्वसाधारण दर मिळतो, असं पुष्कळ जणींना वाटतं. तसं नाही. त्या दिवशी बहुतेक माल ज्या दराच्या आसपास विकला गेला, तो सर्वसाधारण दर. कांद्याचा लिलाव वाहनावर होतो, ट्रॅक्टर उभा राहतो आणि त्यातल्या मालावर बोली लागते. समजा एका दिवशी एका वाहनातल्या बारीक गोल्टीला ५०० मिळाले, एका वाहनातल्या निवडक कांद्याला १८०० मिळाले, आणि बाकीची बरीचशी वाहनं १४०० च्या आसपास गेली. दोन टोकांचा मध्य काढला तर येतो ११५०. त्या भावात फारसा कुणाचा कांदा गेलेलाच नाही. सर्वसाधारण दर आहे १४००. म्हणून आठवड्याची सरासरी काढताना आम्ही सर्वसाधारण दराचाच रकाना धरतो. बाकीच्या दोन रकान्यांचं काम वेगळं आहे, ते पुढे सांगतो.

आता त्या आठवड्याची वही उघडू. फक्त आवक आणि सर्वसाधारण दर वाचते.

सोमवार : आवक १००० क्विंटल, दर १४००.
मंगळवार : आवक ६०० क्विंटल, दर १५००.
बुधवार : आवक ५०० क्विंटल, दर १६००.
गुरुवार : अमावास्या, लिलाव बंद.
शुक्रवार : आवक ८०० क्विंटल, दर १५००.
शनिवार : आवक १०० क्विंटल, दर १९००.

गुरुवारच्या ओळीत आमच्या वहीत काय लिहिलं होतं? आवक शून्य, दर शून्य. आवक शून्य हे खरं होतं, त्या दिवशी मालच आला नाही. पण दर शून्य हे खरं नव्हतं. कांदा त्या दिवशी फुकट गेला नव्हता, तो विकलाच गेला नव्हता. विक्री नसली की दर शून्य होत नाही, त्या दिवशी दरच नसतो. या दोन गोष्टींमध्ये काकूंचे पैसे अडकले.

आम्ही सहा दिवसांचे दर मिळवले. चौदाशे, पंधराशे, सोळाशे, शून्य, पंधराशे आणि एकोणीसशे. बेरीज ७९००. वहीत सहा ओळी होत्या म्हणून सहाने भागलं. उत्तर आलं १३१७, आणि तेच फळ्यावर गेलं.

खरं तर बाजार पाचच दिवस भरला होता. पाचाने भागलं असतं तर उत्तर आलं असतं १५८०. एका शून्याने सरासरी २६३ रुपयांनी खाली ओढली.

मैत्रिणींनो, ही चूक पकडायची एक सोपी खूण आहे. आलेली सरासरी हातात धरा आणि रोजच्या सर्वसाधारण दरांवरून नजर फिरवा. त्या आठवड्यातला सगळ्यात खालचा सर्वसाधारण दर १४०० होता. मग सरासरी तेराशेवर कशी येईल? सरासरी नेहमी सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठ्या आकड्याच्या मध्येच असते. ती बाहेर पडली की समजायचं, कुठेतरी शून्य घुसलाय किंवा भागायचा आकडा चुकलाय. आम्ही ही नजर फिरवली असती तर तो आकडा फळ्यावर गेलाच नसता.

आता बंद असलेल्या दिवशी आम्ही वहीत दराच्या रकान्यात आडवी रेघ मारतो आणि पुढे कारण लिहितो : अमावास्या, सण, संप, पाऊस. ज्या मुली फोनवरच्या तक्त्यात आकडे भरतात त्यांना सांगून ठेवलंय की बंद दिवसाचा दराचा रकाना मोकळा सोडा. मोकळा रकाना फोन सरासरीत धरत नाही, पण शून्य लिहिलंत तर तो धरतो.

मग फळ्यावर १५८० लिहायला हवं होतं का? आम्हालाही आधी तसंच वाटलं. पण शनिवारची ओळ पुन्हा बघा. शनिवारी बाजार अर्धाच दिवस, माल फक्त १०० क्विंटल आला आणि दर १९०० निघाला. सोमवारी १००० क्विंटल आला, दर १४००. पाचाने भागताना आपण शनिवारच्या शंभर क्विंटलला सोमवारच्या हजार क्विंटलइतकाच मान देतो. हे बरोबर आहे का?

घरातलं उदाहरण घेऊ. सकाळी आठ लिटर दूध तीस रुपयांनी घातलं आणि संध्याकाळी दोन लिटर चाळीसने. लिटरमागे सरासरी किती पडले? तीस आणि चाळीसचा मध्य पस्तीस. पण पैसे मोजा. सकाळचे दोनशे चाळीस, संध्याकाळचे ऐंशी, मिळून तीनशे वीस. दूध दहा लिटर. म्हणजे लिटरला बत्तीस रुपयेच पडले. जास्त दूध ज्या भावाने गेलं, सरासरी त्या भावाकडे झुकते.

कांद्यालाही तसंच करायचं. प्रत्येक दिवसाची आवक त्या दिवसाच्या दराने गुणायची.

सोमवारचे होतात १४ लाख. मंगळवारचे ९ लाख. बुधवारचे ८ लाख. शुक्रवारचे १२ लाख. शनिवारचे १ लाख ९० हजार. सगळे मिळून ४४ लाख ९० हजार रुपये. आता आवक मिळवू : हजार, सहाशे, पाचशे, आठशे आणि शंभर, म्हणजे ३००० क्विंटल. ४४ लाख ९० हजारांना ३००० ने भागलं की येतात १४९७ रुपये.

ही त्या आठवड्याची खरी सरासरी. आमच्या चुकीच्या आकड्याहून १८० रुपयांनी जास्त, आणि पाचाने भागून आलेल्या आकड्याहून ८३ रुपयांनी कमी. चुकून फळ्यावर १५८० लिहिले असते तर उलटा घोटाळा झाला असता. बाया तेवढ्या आशेने गाडी भरून गेल्या असत्या आणि बाजारात हिरमुसल्या असत्या. या रीतीचा आणखी एक फायदा आहे. बंद दिवसाची आवक शून्यच असते, त्यामुळे त्या दिवसाचा गुणाकारही शून्य येतो आणि भागायच्या आकड्यातही तो दिवस वाढत नाही. बंद दिवस आपोआप हिशोबाबाहेर राहतो.

आता उरलेले दोन रकाने. जास्तीत जास्त आणि कमीत कमी यांची सरासरी काढायची नाही. जास्तीत जास्तच्या रकान्यात आठवड्याचा सगळ्यात वरचा आकडा शोधायचा आणि कमीत कमीच्या रकान्यात सगळ्यात खालचा. त्या आठवड्यात सगळ्यात वरचा दर शनिवारी २१५० होता आणि सगळ्यात खालचा सोमवारी ५००. दोन्ही फळ्यावर लिहायचे, पण पुढे वार लिहायचा आणि त्या दिवसाची आवकही. 'जास्तीत जास्त २१५०, शनिवार, आवक १०० क्विंटल' असं वाचलं की ऐकणारीला कळतं, हा भाव थोड्या मालाच्या दिवशी एखाद्याच वाहनाला मिळालेला आहे. नुसतं २१५० लिहिलं तर प्रत्येकीला आपला कांदा त्याच भावाचा वाटायला लागतो. आम्हालाही वाटतो, खोटं कशाला बोलू.

खालच्या आकड्याचंही तसंच. ५०० म्हणजे बहुधा गोल्टी, मोड आलेला किंवा भिजलेला माल. तो बघून चांगला वाळवलेला, निवडलेला कांदा घरी असलेल्या बाईने घाबरायचं नाही. पण तो फळ्यावर असायलाच हवा, कारण न निवडता सगळा माल एकत्र भरून नेला तर भाव कुठवर घसरू शकतो, ते त्या आकड्यावरून कळतं.

आकडे उतरवताना ज्या चुका होतात त्या पकडायला आम्ही दोन तपासण्या ठेवल्यात. पहिली, सर्वसाधारण दर त्या दिवसाच्या कमीत कमी आणि जास्तीत जास्त यांच्या मध्येच असला पाहिजे. एकदा वहीत १५० लिहिलं गेलं होतं आणि त्याच ओळीत कमीत कमी ६०० होता. पंधराशेतला एक शून्य राहून गेला होता. दुसरी तपासणी, लागोपाठ दोन दिवसांची आवक आणि तिन्ही दर अगदी जसेच्या तसे आले तर थांबायचं. बाजारात रोज तितकाच माल येऊन तितक्याच भावाने विकला जाणं फार अवघड. बहुतेक वेळा कालचाच तक्ता पुन्हा बघून उतरवलेला असतो. अशा वेळी आम्ही बाजारातून आलेल्या एखाद्या भाऊंची पट्टी मागून बघतो. खात्री झाली नाही तर तो दिवस आडव्या रेघेवर सोडतो. अंदाजाने आकडा भरत नाही.

ओळी एकत्र करतानाही जपावं लागतं. उन्हाळ्याच्या तोंडावर काही आठवडे लाल कांदा आणि उन्हाळ कांदा दोन्ही बाजारात असतात. दोघांचे दर वेगळे, टिकाऊपणा वेगळा. त्यांची मिळून एक सरासरी काढली तर ती लाल कांदेवालीच्याही कामाची राहत नाही आणि उन्हाळवालीच्याही नाही. म्हणून तक्त्यात जेवढ्या जाती, तेवढ्या ओळी फळ्यावर. तसंच मापाचं. कांदा क्विंटलवर, टोमॅटो कुठे क्विंटलवर तर कुठे क्रेटवर, मेथी-कोथिंबीर जुडीच्या शेकड्यावर. दराच्या शेजारी माप लिहिलं नाही तर तो आकडा वाचून काहीच कळत नाही.

आता फळ्याला काय सांगता येत नाही, तेही सांगायला हवं. आठवड्याची सरासरी हा मागच्या आठवड्याचा हिशोब आहे. पुढच्या आठवड्यात भाव चढेल की उतरेल, हे त्यात लिहिलेलं नसतं. म्हणून आम्ही सरासरीशेजारी आठवड्याची एकूण आवकही लिहितो आणि मागच्या आठवड्याचे दोन्ही आकडे खाली ठेवतो. भाव चढला आणि आवक निम्मी झाली असेल, तर आधी रेघांकडे बघा. बाजार दोन दिवस बंद होता का? पावसाने वाहनं अडकली होती का? तसं असेल तर अडलेला माल बाजार उघडल्यावर एकदम येतो आणि भाव पुन्हा खाली बसू शकतो. आवक होती तेवढीच राहून किंवा वाढूनही भाव चढला असेल तर मात्र मागणी खरोखर वाढलेली असते. आम्हाला यातून उद्याचा भाव कळत नाही. पण कोणत्या चढावर भुलायचं नाही, एवढं कळतं.

दुसरी मर्यादा अशी की फळ्यावरचा दर लिलावाचा असतो, हातात पडणाऱ्या पैशांचा नसतो. पुन्हा काकूंच्या कांद्याकडे येऊ. त्यांनी माल स्वतः बाजारात नेला असता तर ट्रॅक्टरचं भाडं, हमाली आणि तोलाई धरून आमच्या गावातून साधारण तीन हजार लागले असते. चाळीस क्विंटलवर वाटले तर क्विंटलमागे ७५ रुपये. सरासरी १४९७, त्यातून ७५ गेले, उरले १४२२. हा त्या आठवड्याचा बांधावरचा दर. गाडीभाडं आणि हमाली व्यापाऱ्याची असेल तर १४२२ च्या आसपास घरबसल्या विकणं आणि बाजारात नेणं सारखंच. त्याखाली जितकं जाल, तितकं नुकसान.

काकूंना तेराशे मिळाले. क्विंटलमागे १२२ रुपये कमी, चाळीस क्विंटलला ४८८० रुपये. आमच्या गटात बारा जणी आहेत, प्रत्येकीची महिन्याची बचत दोनशे. म्हणजे सगळ्या गटाची दोन महिन्यांची बचत, वर ऐंशी रुपये.

हे लक्षात आल्यावर आम्ही वही घेऊन काकूंच्या घरी गेलो. त्यांना ओळीओळीने दाखवलं. त्या बराच वेळ गुरुवारच्या ओळीकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "मला लिहिता येत नाही म्हणून मी तुमच्या लिहिण्यावर विसावले. तुम्ही बंदला शून्य लिहिलंत." आमच्यापैकी कुणालाच उत्तर देता आलं नाही. पुढच्या बैठकीत आम्ही चूक सगळ्यांसमोर सांगितली आणि काकूंच्या त्या महिन्याच्या हप्त्यावरचं व्याज वर्गणी काढून भरलं. तेवढ्याने ४८८० रुपये भरून येत नाहीत, हे आम्हाला ठाऊक आहे.

तेव्हापासून फळ्यावर आकडा लिहिण्याआधी दोघी जणी वेगवेगळा हिशोब करतात आणि उत्तरं जुळली तरच खडू हातात घेतात. सरासरीच्या खाली आता आणखी एक ओळ असते, बांधावरच्या दराची. गावागावाचं भाडं वेगळं, म्हणून ती ओळ प्रत्येक गावाच्या फळ्यावर वेगळी येते. तुमच्या गावची काढायला फार काही लागत नाही. तुमच्याकडून बाजारापर्यंत गाडीला, हमालीला आणि तोलाईला मिळून किती लागतात ते घ्या, किती क्विंटल माल नेता त्याने भागा आणि आलेला आकडा सरासरीतून वजा करा.

मागच्या हंगामात एका वहिनींच्या बांधावर असाच व्यापारी आला. वहिनींनी त्याला फळ्यापाशी नेलं आणि खालच्या ओळीवर बोट ठेवलं. त्याने थोडी घासाघीस केली आणि शेवटी त्या ओळीपेक्षा वीस रुपये कमी दिले. वहिनींनी माल दिला. वीस रुपये का सोडले, असं आम्ही विचारलं. त्या म्हणाल्या, "त्या दिवशी मला घरी थांबायचं होतं. त्याचे वीस रुपये. पण किती सोडले ते मला माहीत होतं."

येत्या रविवारी संध्याकाळी नेहमीच्या वेळेला कांदा, टोमॅटो आणि सोयाबीनचे आठवड्याचे भाव सांगू. एकही दिवस बाजार बंद राहिला असेल तर तो कोणता आणि का, हेही सांगू. ते सांगायचं आमच्याकडून राहिलं, तर स्टुडिओत फोन करून विचारा. नमस्कार.